दोन गुणांचा कर्ण

दहावीच्या प्रिपरेटरीचे मराठीचे पेपर तपासायला आम्ही तालुक्यातले पाच-सहा जण एका वर्गात बसलो होतो. दुपारी चहा आला आणि चहाबरोबर भांडण आले. प्रश्न दोन गुणांचा होता, ‘कर्णाने कवचकुंडले इंद्राला का दिली?’ वर नेहमीची सूचना, दोन-तीन वाक्यांत उत्तर लिहा. एका पोराने दीड पान लिहिले होते. सूर्य, कुंती, पेटी, अधिरथ, सगळे आले होते. सरांनी त्याला एक गुण दिला आणि शेजारच्या बाई चिडल्या. “एवढं मनापासून लिहिलंय पोरानं, आणि तुम्ही एकच देताय?” सर म्हणाले, “दानशूर हा शब्द कुठं आहे दाखवा. तो आला की दोन. दीड पान वाचत बसायला वेळ कुणाला आहे?” पुढचा अर्धा तास हीच दोन वाक्ये आवाज वाढवत फिरत राहिली. असल्या फुटकळ प्रश्नांनी साहित्य मारले, ते काढून टाका, असे बाईंचे म्हणणे. प्रश्न ठीक आहेत, फक्त पोरांकडून नेमका शब्द पाठ करून घ्या, असे सरांचे.

मला दोघांचेही पटले नाही आणि त्याचे कारण एकच आहे. उत्तर किती लांब असावे यावर दोघे भांडत होते, पण प्रश्नाने काय विचारले आहे ते दोघांनीही पाहिले नव्हते. ‘दानशूर’ हे या प्रश्नाचे उत्तर नाही आणि दीड पानाची गोष्ट हेही नाही. पात्राचा हेतू विचारणारा दोन गुणांचा प्रश्न हा माझ्या मते अख्ख्या पेपरातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. तो पेपरात राहायला हवा, आणि शब्द पाठ करून नव्हे, तर युक्तिवाद म्हणून शिकवायला हवा.

आधी बाईंच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करतो. माणूस एकाच हेतूने काही करत नाही, मग कर्णासारख्या माणसाला दोन वाक्यांत कोंबायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे. दुसरा मुद्दा आपल्या भागाचा आहे आणि तो मला जास्त बोचतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी पोरांना मराठीत लिहायला शाळेची वही सोडली तर दुसरी जागा राहिलेली नाही. बँकेची चलने कन्नड-इंग्रजीत, बसच्या पाट्या कन्नडात, घरातले निरोप मोबाइलवर रोमन अक्षरांत. 1956 पासून मराठीसाठी मोर्चे काढणाऱ्या समाजातले पोर आठवड्यातून चार ओळी मराठीत लिहीत असेल, तर त्याला कमी लिही असे कुठल्या तोंडाने सांगायचे? बाईंचा राग इथून येतो आणि तो खोटा नाही. सरांचेही एक खरे आहे. प्रथम भाषेचा लेखी पेपर 100 गुणांचा. वाचनाची पंधरा मिनिटे वेगळी धरली तर लिहायला तीन तास मिळतात. म्हणजे दोन गुणांना साडेतीन मिनिटांच्या आसपास. त्यातली दीड मिनिटे प्रश्न समजून पाठ आठवण्यात जातात. उरलेल्या वेळात साधारण पोर चाळीस शब्द लिहिते, फार तर पंचेचाळीस. दीड पान लिहिणाऱ्या त्या पोराने शेवटचा निबंध अर्धा सोडला होता, हे बाईंनी पाहिले नाही. मी पाहिले, कारण तो भाग माझ्याकडे होता.

पण चाळीस शब्द म्हणजे अपुरे शब्द असे कुणी ठरवले? मिताक्षरा हे नाव आपण ऐकलेले असते. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ती टीका विज्ञानेश्वराने कल्याणीत लिहिली, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, आपल्यासारख्याच सीमाभागात. नावाचा अर्थ मोजक्या अक्षरांची, आणि ग्रंथ मात्र चांगला जाडजूड आहे. यात विसंगती नाही. मित म्हणजे आखूड नव्हे, मित म्हणजे मापाचे. विषयाला जेवढे लागते तेवढे. कर्णाच्या जन्मकथेला दीड पान लागत असेल, पण ‘का दिली’ याला किती लागते? ते ठरवायचे तर आधी हा ‘का’ उघडून पाहावा लागतो.

त्या दिवशीच्या गठ्ठ्यातली चार उत्तरे मी नंतर फळ्यावर लिहिली, नावे न सांगता. पहिले, ‘इंद्राने मागितली म्हणून दिली.’ दुसरे, ‘कर्ण दानशूर होता म्हणून दिली.’ तिसरे, ‘इंद्राला आपला मुलगा अर्जुन वाचावा असे वाटत होते म्हणून कर्णाने दिली.’ चौथे, ‘दिलेला शब्द मोडू नये म्हणून दिली.’ यातले कुठलेही वाक्य असत्य नाही. गोष्टीत हे सगळे आहे. पण पहिल्यात प्रसंग आहे, दुसऱ्यात स्वभाव आहे, तिसऱ्यात हेतू आहे पण तो दुसऱ्याचा आहे. कर्णाला काय हवे होते हे फक्त चौथा सांगतो. इंद्राने मागितले हे निमित्त. मागितले की लोक देतातच असे असते तर आमच्या गावची वर्गणी एका दिवसात गोळा झाली असती.

हे पोरांना समजावायला मोठमोठ्या व्याख्या लागत नाहीत, आपल्या भाषेतच त्याचा काटा आहे. ‘म्हणून’च्या आधीचे क्रियापद पाहा. ‘दानशूर होता म्हणून’, ‘मागितली म्हणून’ यांत क्रियापद होऊन गेलेले सांगते. ‘मोडू नये म्हणून’, ‘राहावी म्हणून’ यांत क्रियापद अजून न झालेले, हवेसे किंवा नकोसे वाटणारे सांगते. हेतू नेहमी या दुसऱ्या रूपात येतो. व्याकरणाच्या तासाला आपण विध्यर्थ शिकवतो आणि विसरून जातो, तो इथे कामाला येतो. पोराला एवढेच सांगायचे की पात्राच्या हेतूचे पहिले वाक्य ‘-वे म्हणून’ किंवा ‘-ऊ नये म्हणून’ या साच्यात बसते का ते बघ. बसत नसेल तर तू बहुधा स्वभाव लिहिला आहेस किंवा प्रसंग सांगितला आहेस. ‘दानशूर’ या शब्दाला साच्यात घालायला गेले की पोर स्वतःच अडते. दानशूर असल्यामुळे त्याला काय व्हावे असे वाटत होते? काय होऊ नये? मग ते पुन्हा पाठाकडे जाते, आणि मला तेच हवे असते.

सीमाभागातल्या पोराला तर हा साचा दोन भाषांत आधीपासून येतो. बाळ झोपावं म्हणून आई पाळणा म्हणते. कन्नडात कुणी ‘बरली अंत’ म्हणते तेव्हा तेही ‘यावं म्हणून’च असते. फक्त आपल्याकडे एक घोळ आहे. आपल्या बोलीत ‘म्हणून’ हा शब्द कन्नडच्या ‘अंत’सारखा कुणाचे बोलणे सांगायलाही येतो, ‘उद्या येतो म्हणून सांगितला’. त्यामुळे पोर लिहिते, ‘कर्ण देतो म्हणून सांगितला आणि दिला’, आणि त्याला वाटते कारण लिहून झाले. मुळात ते कारण नव्हेच, ते संभाषण आहे. या वाक्यावर ‘सांगितला’ला लाल गोल करून ‘सांगितले’ करणारे तपासनीस पुष्कळ आहेत. त्यातला ‘म्हणून’ काय काम करतो हे विचारणारा विरळा.

पण पहिले वाक्य साच्यात बसले म्हणजे दोन गुण झाले का? नाही, कारण साच्यात खोटेही बसते. ‘इंद्र खूश व्हावा म्हणून दिली’ हेही व्याकरणाने चोख आहे. मग ‘शब्द मोडू नये म्हणून’ हे खरे आणि ‘इंद्र खूश व्हावा म्हणून’ हे खोटे, हे कशावरून? इथे दुसरे वाक्य लागते, आणि दुसऱ्या वाक्यात आमची पोरे हमखास घसरतात. ती पहिलेच वाक्य निराळ्या शब्दांत पुन्हा लिहितात, ‘कारण कर्ण हा फार मोठा दानी होता, तो कुणालाही नाही म्हणत नसे.’ पुरावा म्हणून पाठातली अशी जागा हवी जिथे पात्रापुढे दुसरी वाट होती आणि ती त्याने सोडली. महाभारताच्या वनपर्वात ही जागा लख्ख आहे. सूर्य स्वप्नात येऊन कर्णाला आधीच सांगतो की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येईल, कवचकुंडले मागेल, देऊ नकोस, दिलीस तर आयुष्य तोडशील. कर्ण म्हणतो, मला प्राणापेक्षा कीर्ती मोठी. म्हणजे तो फसलेला नाही. त्याला किंमत माहीत होती आणि किंमत मोजायचे त्याने ठरवले. हेतू दिसतो तो इथे. फुकटात केलेल्या गोष्टीवरून माणसाचा हेतू कळत नाही, किंमत मोजून केलेल्या गोष्टीवरून कळतो. म्हणून मी पोरांना सांगतो, दुसऱ्या वाक्यात ‘तरीही’ हा शब्द घालून बघा. ‘तरीही’च्या आधी काय लिहायचे हे सुचले नाही तर पाठ पुन्हा वाचा.

तिसरे वाक्य लहान असते. पुरावा आणि हेतू यांची गाठ मारायची, एवढेच त्याचे काम. मग उत्तर असे होते: ‘दारी आलेल्या याचकाला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही हे आपले ब्रीद मोडू नये, म्हणून कर्णाने कवचकुंडले दिली. इंद्र वेष पालटून येणार हे सूर्याने आधीच सांगितले होते, तरीही प्राणापेक्षा कीर्ती मोठी मानून तो मागे हटला नाही. म्हणजे तो फसला नाही, जीव की नाव यांत त्याने नाव निवडले.’ मोजून पाहा, पंचेचाळीसच्या आतबाहेर शब्द आहेत. साडेतीन मिनिटांत बसते. यात कुंती नाही, पेटी नाही, ‘प्रस्तुत प्रश्न अमुक पाठातील असून’ ही ओळही नाही. ती ओळ संदर्भासह स्पष्टीकरणात हवी असते. तिथे तिला गुण असतो. तिथली सवय पोरे इथे घेऊन येतात आणि चाळीसांतले दहा शब्द दारातच खर्च करतात. एका गुणाचा प्रश्न असेल तर यातले फक्त पहिले वाक्य लिहायचे आणि पुढे जायचे.

हा ढाचा मी शोधलेला नाही. मराठी गद्य जन्मले तेव्हापासून तो आहे. चक्रधरांची वचने केशिराजांनी दृष्टांतपाठात मांडली ती तीन पायऱ्यांत, सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. आधी म्हणणे एका ओळीत, मग ते दाखवणारी गोष्ट, मग गोष्टीतले कशाला लागू ते. जन्मांधांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. दृष्टांतपाठात तीही आहे आणि ती काही ओळींत संपते. तेराव्या शतकात ज्या भाषेत एवढ्या ओळींत तत्त्वज्ञान मावले, त्या भाषेत दोन गुणांचा कर्ण मावत नाही, असे म्हणणे म्हणजे आपल्याच भाषेवर अविश्वास दाखवणे नव्हे का? मराठी जास्त लिहायला हवी हे बाईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यासाठी त्याच पेपरात निबंध आहे, पत्र आहे, आठ-दहा वाक्यांचे प्रश्न आहेत. ज्या पोराला ‘ब्रीद मोडू नये म्हणून’ हे एक वाक्य बांधता येते त्याचा निबंधही सुधारतो, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. उलटे होताना मला फारसे दिसलेले नाही.

सरांच्या शब्दाबद्दल मात्र मला जास्त बोलायचे आहे, कारण त्यांची पद्धत बाईंच्या रागापेक्षा जास्त ठिकाणी चालते. नमुना उत्तरात ठळक केलेला शब्द सापडला की गुण द्यायचे. दिवसभर गठ्ठे उपसणाऱ्या माणसाला हा आधार लागतो, हे मी स्वतः तपासतो म्हणून जाणतो. पण गाइड छापणाऱ्यांनाही हे कळलेले आहे. त्यामुळे पात्र कुठलेही असो, गाइडात हेतू म्हणून एक विशेषण मिळते, दानशूर, स्वाभिमानी, प्रेमळ, धूर्त. विशेषण पाठ करायला सोपे आणि तपासायलाही सोपे. त्यात एकच अडचण आहे, विशेषणाने प्रश्न सुटत नाही, तो फक्त एक पायरी मागे जातो. कवचकुंडले का दिली, दानशूर होता म्हणून. दानशूर कशावरून, कवचकुंडले दिली म्हणून. पोर या गोलात फिरते आणि दोन गुण घेऊन बाहेर येते. त्यापेक्षा नमुना उत्तरातच फोड करावी, असे माझे मत आहे. पात्राला काय हवे होते याला एक गुण, पाठातल्या कुठल्या जागेवरून ते कळते याला एक. शब्द कोणतेही असोत. तपासणाऱ्याला वेळ फारसा जास्त लागत नाही, कारण पाहायच्या जागा दोनच आहेत, पहिल्या वाक्यातले ‘म्हणून’ आणि दुसऱ्यातले ‘तरीही’.

हा साचा सगळीकडे चालतो असे मात्र नाही, आणि चालत नाही तिथे तो ओढून बसवणे हे गाइडाइतकेच वाईट. दशरथाने श्रावणाला बाण का मारला? माझ्या वर्गातल्या एका हुशार पोरीने लिहिले, ‘श्रावण मरावा म्हणून.’ माझ्याच शिकवण्याचे फळ! तिथे श्रावणाबद्दल दशरथाला काहीच हेतू नव्हता. अंधारात भांडे बुडण्याचा आवाज आला, त्याला जनावर वाटले, त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. तिथे बरोबर उत्तर ‘वाटले म्हणून’ असेच आहे, घडून गेलेल्या क्रियापदाचे. शिकार साधावी हा हेतू बाणाला आहे, श्रावणाच्या मरणाला नाही. त्या दिवसापासून मी क्रम बदलला. आधी विचारायचे, जे घडले ते पात्राला घडवायचे होते का? हो असेल तरच ‘-वे म्हणून’. नसेल तर गैरसमज, राग, भीती, काय असेल ते सरळ लिहायचे. ‘का’ या एका अक्षरात कारण आणि हेतू दोन्ही राहतात. प्रश्न काढणाऱ्यांनीही ‘कोणत्या हेतूने’ असे स्पष्ट विचारले तर निम्मा गोंधळ कमी होईल, पण ते माझ्या हातात नाही.

आता बाईंचा सर्वांत बळकट मुद्दा उरतो, हेतू एक नसतो. चहा संपत आला तेव्हा त्यांनी गठ्ठ्यातून एक पेपर काढून माझ्यापुढे ठेवला. ‘इंद्राकडून अमोघ शक्ती मिळावी म्हणून कर्णाने कवचकुंडले दिली. त्याने ती आधी मागून घेतली आणि मग दिली.’ साच्यात बसलेले, पाठातला पुरावा असलेले, दोन वाक्यांचे उत्तर, आणि नमुना उत्तराच्या पार विरुद्ध. “आता द्या गुण,” बाई म्हणाल्या. वनपर्वात शक्ती मागितल्याचे आहे हे खरेच आहे. सर म्हणाले, शून्य, दानशूर कर्णाला व्यापारी केलेय पोराने. मी दोन्ही प्रसंगांचा क्रम लावून पाहिला. कर्ण सूर्याला ‘कीर्ती मोठी’ म्हणतो ते आधी. देणारच असशील तर बदल्यात शक्ती तरी माग, असे सूर्य सुचवतो ते नंतर. म्हणजे देण्याचा निर्णय शक्तीच्या आधी झालेला आहे. शक्ती मिळाली नसती तर त्याने दिली नसती का? पाठ वाचून तरी तसे वाटत नाही. तेव्हा शक्ती हा जोडीला आलेला हेतू आहे, मुख्य नव्हे. पण पोराने जागा पाठातली दाखवली होती आणि पात्राला काय हवे तेच लिहिले होते. मी दीड लिहिला. बाई म्हणाल्या दोन हवेत, सरांनी मान हलवली. पेपरवर दीडच राहिला. त्या पोराला बोलावून ‘शक्ती मिळाली नसती तर?’ एवढे विचारायचे मी ठरवले आहे. तो काय म्हणतो त्यावर माझा अर्धा गुण कदाचित बदलेलही.